हार्ड डिस्क टकटक करतेय? आधी स्विच बंद, मग बाकी सगळं



व्हिडिओत मी तुम्हाला तीन आवाज ऐकवले. पण आवाज ऐकल्यानंतर टेबलावर नेमकं काय करायचं, हे लिहून ठेवलेलं बरं. तुम्ही पातूरसारख्या गावात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकणार असाल, तर हे काम पहिल्या महिन्यातच तुमच्याकडे येईल. आणि या कामात पहिल्या पाच मिनिटांत झालेली चूक नंतर सुधारत नाही.

माझ्याकडे आलेलं एक काम सांगतो. जूनचा महिना, पेरणीची गर्दी. एका कृषी केंद्राचे मालक सीपीयू घेऊन दुकानात आले. टॅलीत वर्षभराची उधारी होती आणि बॅकअप काहीच नव्हता.

"भाऊ, टकटक वाजते. पण मंधात एखाद्या वेळी चालू होते ना, म्हणून सकाळपासून बंद-चालू करून पायतो."

"किती वेळा केलं काका?"

"दहा-बारा वेळा झालं असंन."

मी सीपीयू टेबलावर ठेवला, पण वायर लावली नाही. का लावली नाही, ते आधी समजून घ्या.

आवाज काय सांगतो

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या फिरतात. डेस्कटॉपची डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. तबकडीवर डेटा वाचणारं हेड असतं. ते तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हे अंतर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असतं.

काम करताना येणारी हलकी कुरकुर किंवा बंद होताना येणारी एक "टक" चालते. काळजीचे आवाज वेगळे.

पहिला, ठरावीक अंतराने येणारा टक... टक... टक. हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत, म्हणून त्याचा दांडा मागे जातो आणि पुन्हा शोधायला येतो. हेड खराब झालं असेल, तबकडीचा भाग खराब असेल, किंवा डिस्कला पुरेशी वीज मिळत नसेल.

दुसरा, खर्र खर्र असा घासण्याचा. इथे हेड तबकडीला टेकलेलं असण्याची शक्यता मोठी. तबकडीवरचा ज्या थरात डेटा असतो, तोच खरवडला जातो. दहा सेकंद चालू ठेवली, तर 1200 फेरे घासून झाले. जो थर निघून गेला, त्यातला डेटा कोणतीही लॅब परत आणू शकत नाही.

तिसरा, बारीक बीप किंवा घुंई, आणि डिस्क फिरतच नाही. हेड तबकडीला चिकटलंय, मोटर जाम आहे किंवा वीज कमी पडतेय.

आता काकांचं बघा. दहा-बारा वेळा बंद-चालू म्हणजे तितक्या वेळा आजारी हेड तबकडीवरून फिरवलं. म्हणून फोनवर गिऱ्हाइकाने "टकटक येते" म्हटलं, की पहिलं वाक्य हेच बोला: "आत्ताच बंद करा आणि तशीच घेऊन या."

टेबलावर पहिली तपासणी

खरखर असेल तर तपासणी नाहीच. डिस्क काढा, पिशवीत ठेवा, लॅबचा रस्ता सांगा.

टकटक किंवा बीप असेल, तर एकदाच वीज तपासा. यूएसबीवाली डिस्क असेल तर दुसरी चांगली केबल घ्या आणि सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा. आतली डिस्क असेल तर चांगल्या एसएमपीएसच्या दुसऱ्या कनेक्टरला लावा. आवाज गेला तर दोष विजेचा होता. तरीही आधी डेटा काढा. आवाज तसाच राहिला तर दुसरा प्रयोग नको.

काकांची डिस्क मी माझ्या टेबलच्या पीसीला लावली आणि पीसी पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला. विंडोजमध्ये लावली नाही, कारण विंडोज अशा डिस्कवर स्वतःहून लिहायला आणि दुरुस्ती करायला जातं. मग पाहिलं:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL
```

डिस्क दिसली, साइज 500 जीबीच्या आसपास बरोबर दिसली, आणि टक अधूनमधूनच येत होती. म्हणजे थोडी संधी होती. डिस्क दिसलीच नसती किंवा साइज शून्य आली असती, तर मी तिथेच थांबलो असतो.

आधी कोणता डेटा?

इथे मी काकांना एकच प्रश्न विचारला: "एकच फोल्डर वाचणार असेल, तर कोणतं पाहिजे?" उत्तर आलं, "टॅली."

बरेच जण लगेच पूर्ण डिस्कची कॉपी सुरू करतात. चांगल्या डिस्कलाही 500 जीबीसाठी दीड-दोन तास लागतात. ही डिस्क तितका वेळ जगेल याची खात्री नव्हती. टॅलीचं डेटा फोल्डर जेमतेम 600 एमबीचं होतं. म्हणून पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडलं आणि तेवढंच आधी काढलं:

```
sudo mount -o ro /dev/sdb2 /mnt
```

`ro` म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही. फोल्डर माझ्या डिस्कवर आलं, दुसऱ्या पीसीवर टॅलीत उघडून पाहिलं, उधारीची यादी दिसली. त्यानंतरच पार्टिशन बंद करून पूर्ण डिस्कची कॉपी लावली:

```
sudo umount /mnt
sudo ddrescue -d -n /dev/sdb /media/rescue/disk.img /media/rescue/disk.map
```

आधी आजारी डिस्कचं नाव, नंतर आपल्या चांगल्या डिस्कवरची फाइल. हा क्रम दोनदा तपासा. `-n` मुळे पहिल्या फेरीत खराब जागेवर घासत बसणं टळतं आणि चांगला भाग आधी निघतो. `disk.map` मध्ये कुठवर झालं त्याची नोंद राहते, त्यामुळे थांबवून पुढे चालू करता येतं.

अंदाजे साठ टक्क्यांवर टकटक सलग सुरू झाली. मी बंद केलं. लग्नाचे काही फोटो राहिले. काकांना दोन पर्याय सांगितले: नागपूर-पुण्याची डेटा रिकव्हरी लॅब, किंवा इथेच थांबणं. काका थांबले. उधारी हाती होती.

हे करू नका

`chkdsk` चालवू नका, ते बिघडलेल्या डिस्कवर लिहितं. फ्रीजरमध्ये ठेवू नका, आत दव साचतं. टेबलावर झाकण उघडू नका, धुळीचा एक कणही हेड आणि तबकडीमधल्या अंतरापेक्षा मोठा असतो. दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड बदलू नका, बहुतेक आजच्या डिस्कमध्ये बोर्डवर त्याच डिस्कपुरत्या जुळणीची माहिती असते.

धंद्याची बाजू

डिस्क हातात घेण्याआधी जॉबकार्डवर चार गोष्टी लिहून सही घ्या: आवाज कसा आहे, किती वेळा चालू केली, कोणतं फोल्डर पहिलं हवं, आणि "प्रयत्नात डिस्क पूर्ण बंद पडू शकते". तपासणीचे पैसे वेगळे आणि आधी सांगा. खरखर करणारी डिस्क परत पाठवली तर त्या दिवशीची कमाई जाते. पण तुमच्या टेबलावर घासून मेली, तर त्या माणसाची वर्षाची उधारी जाते, आणि गावात ती गोष्ट तुमच्याच नावाने सांगितली जाते.

काका जाताना नवीन एसएसडी आणि एक पेनड्राइव्ह घेऊन गेले. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती आवाज न करताच मरते, हेही मी त्यांना सांगितलं. आता दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतात आणि पेनड्राइव्ह घरी नेतात.

पुढच्या व्हिडिओत हेच जॉबकार्ड ओळीने भरून दाखवतो. भेटूया!