लिहिता हात प्लास्टरमध्ये, परीक्षा पंधरवड्यावर: कॉलेजला पत्र कसं लिहावं?

सत्र परीक्षा तोंडावर आलेली असताना मुलाचा उजवा हात मोडला, की घरातून जाणारा पहिला अर्ज बहुधा असा असतो: 'माझ्या पाल्याचा अपघात झाला असून त्याला लिहिता येत नाही. तरी त्याचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून सहकार्य करावे ही नम्र विनंती.' खाली सही वडिलांची. अर्ज खरा असतो, कळकळीचा असतो आणि तसाच परीक्षा विभागातल्या ट्रेमध्ये पडून राहतो. कारण 'सहकार्य' मंजूर करता येत नाही. लेखनिक मंजूर करता येतो, जादा वेळ मंजूर करता येतो, तळमजल्यावरची वेगळी खोली मंजूर करता येते. तुमच्या अर्जात यातलं काय हवंय हे शोधत बसायला त्या टेबलावरच्या माणसाला सवड नसते.

एक उदाहरण घेऊ. एस.वाय.बी.कॉम.ची विद्यार्थिनी. १८ ऑक्टोबरला स्कूटी घसरली, पडताना उजवा हात टेकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं, म्हणजे २९ नोव्हेंबरपर्यंत. लेखी परीक्षा १० ते २४ नोव्हेंबर. सगळेच्या सगळे पेपर प्लास्टरच्या मुदतीत येतात. पत्राचा कणा म्हणजे या तारखा. त्या एकाखाली एक आल्या की विनंती वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

त्याआधी डॉक्टरांचा दाखला. बरेच अर्ज इथेच अडकतात. दवाखान्यातून मिळणाऱ्या कागदावर 'फ्रॅक्चर, सहा आठवडे विश्रांती' एवढंच असतं. परीक्षा विभागाला विश्रांतीशी कर्तव्य नाही. दाखल्यात पाच गोष्टी हव्यात: कोणत्या हाताचं कोणतं हाड मोडलं, तो तिचा लिहिता हात आहे, दुखापत कधी झाली, त्या हाताने अमुक तारखेपर्यंत लिहिता येणार नाही, आणि डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. प्लास्टर निघालं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तीन तास लिहिता येतं असंही नाही. सांधा आखडलेला असतो, पकड कमी झालेली असते. परीक्षेचा शेवटचा पेपर प्लास्टर काढण्याच्या तारखेनंतर येत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आत्ताच सांगून लेखनाची मनाई त्या पेपरपर्यंत लिहून घ्यावी. काही ठिकाणी खासगी दवाखान्याचा दाखला चालत नाही, सरकारी रुग्णालयाचा किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा मागतात. तेव्हा आधी कॉलेजात विचारा, मग रांगेत उभे राहा. एक्स-रेची प्रत जोडायचीच.

आता पत्र. ते प्राचार्यांच्या नावे, विद्यार्थिनीच्या नावाने:

'मी एस.वाय.बी.कॉम.ची विद्यार्थिनी असून माझा आसन क्रमांक अमुक आहे. दि. १८ ऑक्टोबर रोजी अपघातात माझ्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. मी उजव्या हाताने लिहिते. दि. २९ नोव्हेंबरपर्यंत हात प्लास्टरमध्ये राहणार असून सोबतच्या दाखल्यानुसार तोपर्यंत मला लिहिता येणार नाही. माझी लेखी परीक्षा दि. १० ते २४ नोव्हेंबर या काळात आहे. तरी (१) या परीक्षेसाठी लेखनिक घेण्यास, (२) प्रत्येक पेपरला तासामागे २० मिनिटे जादा वेळ देण्यास, (३) इतर परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून वेगळ्या खोलीत बसण्यास परवानगी मिळावी. माझी नेहमीची सही उजव्या हाताची आहे. परीक्षेच्या काळात मी डाव्या हाताने सही करीन. तिचा नमुना खाली दिला आहे.'

तीन मागण्या वेगवेगळ्या मांडल्यात त्या मुद्दाम. लेखनिक मंजूर झाला म्हणजे जादा वेळ आपोआप मिळाला, असा बऱ्याच पालकांचा समज असतो. मंजुरीच्या पत्रात वेळेचा उल्लेख नसेल, तर पर्यवेक्षक घंटा झाल्यावर उत्तरपत्रिका घेणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. तीच गोष्ट सहीची. हजेरीपटावरची वाकडीतिकडी सही हॉल तिकिटावरच्या सहीशी जुळत नाही, आणि पेपरच्या आधीची दहा मिनिटं खुलासा देण्यात जातात.

तासामागे २० मिनिटं हा आकडा आला कुठून? दिव्यांग परीक्षार्थींसाठी केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भरपाईचा वेळ तासाला किमान २० मिनिटं धरलेला होता. अडीच तासांच्या पेपरला त्या हिशेबाने ५० मिनिटं होतात. पण त्या सूचना ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी होत्या. पुढे विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये निकाल दिला आणि २०२२मध्ये लिहिण्यात अडचण असलेल्या, पण ४० टक्क्यांखालच्या दिव्यांगांसाठीही सूचना आल्या. विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा कायमचा त्रास होता. सहा आठवड्यांत जुळणारं हाड या चौकटीत बसत नाही. म्हणून पत्रात दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ठोकून देऊ नये. 'तुम्ही दिव्यांग नाही' असा शेरा मारून अर्ज परत यायला ते निमित्त पुरतं. अपघाताने लिहिता न येणाऱ्यांसाठी विद्यापीठाच्या परीक्षा नियमांत काय तरतूद आहे ते परीक्षा विभागाला विचारावं आणि अर्ज त्या नियमाखाली करावा. तासाला २० मिनिटं हे आपण मागायचं प्रमाण. द्यायचं की नाही, हे विद्यापीठ ठरवतं.

लेखनिक कोण, यावरून घरात हमखास वाद होतो. 'ताई एम.कॉम. झालीय, ती लिहून देईल' हे चालत नाही. लेखनिक साधारणपणे परीक्षार्थीपेक्षा एक इयत्ता तरी खालचा लागतो, आणि त्याच विषयाचा नसला तर कॉलेजला हरकतीला जागा उरत नाही. बी.कॉम.ला बारावी कला शाखेची मुलगी उत्तम. तिचं ओळखपत्र, फोटो, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि हमीपत्र अर्जासोबत द्या. शक्य असेल तर दुसरं नावही सुचवून ठेवा. लेखनिकालाही ताप येतो.

मंजुरीची वाट बघताना लेखनिकाबरोबर एक जुना पेपर सोडवावा. अकाउंट्सचा घ्या, म्हणजे जादा वेळ कशाला लागतो ते कळेल. परीक्षार्थीने 'ट्रेडिंग अकाउंट, डेबिट बाजू, ओपनिंग स्टॉक, चाळीस हजार' असं सांगायचं. कला शाखेच्या मुलीला डेबिट बाजू डावीकडे असते हेही ठाऊक नसतं. ती रक्कम उजवीकडे लिहिते, मग खोडते. बेरीज परीक्षार्थीने तोंडी करायची, लेखनिकाने फक्त आकडा उतरवायचा. थिअरीच्या पेपरला निदान वाक्यं सलग सांगता येतात. सरावात रकान्यांची नावं आणि 'डावीकडे, उजवीकडे, नवी ओळ' या खुणा ठरवून घ्या, आणि वेळ घड्याळ लावून मोजा.

पत्र दोन प्रतींत द्यावं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. कॉलेजने पुढे विद्यापीठाकडे पाठवायचं असेल तर कधी पाठवलं ते विचारावं. मंजुरी लेखी मिळाली की तिच्या प्रती काढून रोजच्या पेपरला हॉल तिकिटाबरोबर न्याव्यात, कारण रोजचा पर्यवेक्षक वेगळा असतो. नकार आला तर तोही लेखी मागावा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे दाद मागायला तोच कागद लागतो. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत चाचणी याच काळात असेल, तर तिच्यासाठी वेगळा अर्ज विषय शिक्षकांकडे द्यावा; लेखी परीक्षेची मंजुरी तिला लागू होत नाही.