रांगोळी सरळ, मग फोटो वाकडा का?



माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते. दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना घरी रांगोळी काढून तिचा फोटो ग्रुपवर टाकायला सांगितलं होतं. चौथीतल्या एका मुलीच्या फोटोखाली मी शेरा लिहिला, "बाजू सारख्या नाहीत." दोन दिवसांनी त्याच गल्लीत जाणं झालं तेव्हा रांगोळी दारात तशीच होती. ठिपके मोजून पाहिले, तर चौकोन अगदी बरोबर! वाकडा होता तो फोटो. रांगोळी पुसली जाते आणि मागे फोटोच उरतो, म्हणून तो नीट कसा काढायचा ते आज पाहू.

फोटो वाकडा का येतो?

जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान. आपण रांगोळीच्या एका कडेला उभं राहून फोन थोडा कलता धरतो. त्यामुळे पायाजवळची ओळ फोनच्या जवळ येते आणि पलीकडची लांब जाते.

उदाहरण घेऊ. ११ × ११ सरळ ठिपके, दोन ठिपक्यांत ३ इंच अंतर. म्हणजे रांगोळीची बाजू ३० इंच, अडीच फूट. फोन ४ फूट उंचीवर आहे आणि फक्त १५ अंश कलला आहे. तेवढ्यानेही स्क्रीनवर खालची ओळ साधारण ४.६ सेंमी दिसते, तर वरची जेमतेम ४ सेंमी. चौरसाचा समलंब चौकोन होतो, आणि गोल रांगोळी असेल तर ती लंबगोल दिसते.

फोन कसा धरायचा?

१. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Grid` चालू करा. `Level` असेल तर तेही करा. बऱ्याच फोनमध्ये कॅमेरा सरळ खाली केला की अधिकचं चिन्ह दिसतं. दोन चिन्हं एकावर एक बसली की फोन आडवा समतल झाला.

२. उंची ठरवा. साध्या `1x` कॅमेऱ्यात जेवढी उंची, साधारण तेवढीच रुंदी फोटोत मावते. अडीच फुटांच्या रांगोळीला ४ फूट उंची भरपूर झाली. म्हणजे उभं राहून, छातीच्या उंचीवर हात लांब करून फोटो निघतो. मावत नाही म्हणून `0.5x` वापरू नका, त्यात कडा ताणल्या जातात.

३. फोटो काढल्यावर लगेच पट्टीने स्क्रीनवरची वरची आणि खालची ओळ मोजा. दोन्ही सारख्या भरल्या पाहिजेत. वरची लहान असेल, तर फोन आणखी पुढे, रांगोळीच्या मध्यावर न्या आणि मग सरळ खाली करा.

एक लक्षात ठेवा. पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला, ओट्याला उतार दिलेला असतो. अशा ठिकाणी फोनचं चिन्ह जुळूनही ओळी कमी-जास्त भरतील. तेव्हा चिन्हापेक्षा ठिपक्यांवर विश्वास ठेवा.

सावलीचं काय?

सगळ्यात सोपं म्हणजे सावलीतच फोटो काढा. व्हरांड्यात बाहेरून येणारा उजेड चांगला असतो. डोक्यावरचा दिवा मात्र बंद करा, नाहीतर हात आणि फोन यांची सावली थेट रांगोळीवर पडते.

रांगोळी उन्हातच असेल तर सूर्याकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे रांगोळी तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल. आपल्या छत्रपती संभाजीनगरात दिवाळीच्या सुमारास दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा ४ फुटांवरच्या फोनची सावली सुमारे पावणेतीन फूट उत्तरेला पडते. रांगोळीची कड मध्यापासून सव्वा फुटावरच आहे. म्हणून उत्तरेला उभे राहिलात तर सावली रांगोळी ओलांडून तुमच्या पायाशी पडेल.

गुढीपाडव्याला मात्र ही युक्ती चालत नाही. तेव्हा दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि फोनची सावली साधारण एका फुटावर, म्हणजे रांगोळीतच येते. त्या दिवशी सकाळी लवकर फोटो काढा.

फराळाच्या ताटाचा फोटो

चकली, करंजी, शंकरपाळी वरून छान ओळखू येतात, पण लाडू मात्र नुसता गोल दिसतो. म्हणून एक लाडू फोडून ठेवा. स्टीलच्या ताटात फोनचंच काळं प्रतिबिंब उमटतं, तेव्हा केळीचं पान किंवा लाकडी पाट घ्या. उंच वाटी मध्यभागी ठेवा. कडेला ठेवली तर ती बाहेर कलल्यासारखी दिसते.

त्या मुलीला मी वर्गात सगळ्यांसमोर "शेरा माझा चुकला" असं सांगितलं. आता फोटो तपासताना मी आधी ओळी मोजते, मग शेरा लिहिते. तुम्हीही एकदा मुलांच्या हातात पट्टी देऊन एकाच रांगोळीचे दोन फोटो मोजायला लावा, एक कलता आणि एक सरळ. चौरस आणि समलंब चौकोन यांतला फरक मुलं स्वतःच सांगतील.