बनावट मेमरी कार्डाची परीक्षा

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका हे उपनगर आहे. तेथील वायुदलाच्या तळावर एअरो इंडिया हे विमानांचे प्रदर्शन भरते. २०२५ साली ते १० ते १४ फेब्रुवारी या काळात भरले होते. आकाशातील कसरतींचे चित्रण करावयास पुष्कळ लोक तेथे जातात, आणि मोबाइलमधील जागा अपुरी पडेल म्हणून बरोबर एखादे नवे मेमरी कार्ड नेतात. समजा, एका विद्यार्थ्याने रस्त्यावरील विक्रेत्याकडून ६४ गिगाबाइटचे कार्ड फार थोड्या किमतीत घेतले, आणि दिवसभरात तीन तासांचे चित्रण केले. घरी आल्यावर सर्व फाइलींची नावे त्यास दिसली. परंतु पहिल्या तासाच्या पुढील एकही फाइल उघडेना. असे का व्हावे, आणि ते आधी कसे ओळखावे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

मेमरी कार्डात अथवा पेन ड्राइव्हमध्ये दोन मुख्य भाग असतात. एक, माहिती प्रत्यक्ष साठविणारी चिप. आणि दुसरा, तिचा कारभार पाहणारा नियंत्रक. आपण कार्ड संगणकास जोडतो तेव्हा संगणक चिप मोजून पाहत नाही. तो नियंत्रकास विचारतो, ‘तुझी क्षमता किती?’ आणि जे उत्तर मिळेल ते खरे मानतो. फसविणाऱ्याची सारी युक्ती येथेच आहे. चिप ८ गिगाबाइटची बसवावयाची, आणि ‘६४’ असे उत्तर द्यावयास नियंत्रकास शिकवून ठेवावयाचे.

ग्रंथालयाचा दृष्टांत घेऊ. कपाटास खरोखर आठ फळ्या आहेत. पण नोंदवहीत चौसष्ट फळ्या लिहिल्या आहेत. पहिल्या आठ फळ्या भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. नवव्या फळीवर ठेवावयाचे पुस्तक आले की शिपाई दोहोंपैकी एक करतो : ते खिडकीबाहेर टाकून देतो, किंवा पहिल्या फळीवरील पुस्तक काढून त्याच्या जागी ठेवतो. नोंदवहीत मात्र प्रत्येक पुस्तकाचे नाव नीट चढलेले असते. कार्डातील नोंदवही म्हणजे फाइलींची सूची. ती बहुधा कार्डाच्या आरंभीच्या भागात असते, म्हणून नावे शाबूत राहतात आणि मजकूर नाहीसा होतो. दुसऱ्या प्रकारच्या कार्डात नवी माहिती फिरून आरंभीच्या जागी लिहिली जाते. तेव्हा जुने चित्रण तर पुसले जातेच, पण कधी सूचीही पुसली जाते, आणि कार्ड ‘फॉरमॅट करा’ असे सांगू लागते. आपल्या विद्यार्थ्याचे कार्ड पहिल्या प्रकारचे होते. मोबाइलवरील चित्रण ताशी सुमारे ८ गिगाबाइट जागा घेते असे धरले, तर पहिला तासच का वाचला हे वाचकांच्या ध्यानात येईल.

यावरून उघड होते की एक-दोन फाइली उतरवून पाहणे ही परीक्षा नव्हे. पडद्यावर दिसणारी क्षमता वाचणे हीही परीक्षा नव्हे. उलट तो आकडा थोडा कमी दिसला म्हणून अस्सल कार्डावर संशय घेणेही चूक आहे. उत्पादक एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट मानतात. विंडोज प्रणाली १,०७,३७,४१,८२४ बाइट मानते. त्यामुळे ६४ गिगाबाइटचे खरे कार्ड तिच्यावर सुमारे ५९.६ इतकेच दिसते.

खरी परीक्षा एकच : कार्ड काठोकाठ भरावयाचे, आणि लिहिलेले सर्व परत वाचून ताडून पाहावयाचे. विंडोजवर H2testw हा विनामूल्य प्रोग्राम हे काम करतो. त्यात कार्ड निवडून ‘Write + Verify’ ही कळ दाबावी. लिनक्सवर F3 हा प्रोग्राम आहे. कार्ड /media/card या ठिकाणी जोडले असेल तर प्रथम ही आज्ञा द्यावी :

```
f3write /media/card
```

लेखन संपल्यावर कार्ड रीतसर काढून पुन्हा त्याच ठिकाणी जोडावे. असे करण्याचे कारण हे की नुकतीच लिहिलेली माहिती संगणक काही काळ आपल्याच स्मृतीत धरून ठेवतो, आणि कार्डाऐवजी तेथूनच वाचून दाखविण्याचा संभव असतो. नंतर :

```
f3read /media/card
```

वरील विद्यार्थ्याच्या कार्डावर याचे उत्तर साधारण असे येईल :

```
  Data OK: 7.4 GB
Data LOST: 52.2 GB
```

पहिली ओळ शाबूत राहिलेली माहिती सांगते, दुसरी गमावलेली. दोहोंची बेरीज ५९.६, म्हणजे कार्डाने सांगितलेली क्षमता. खरी क्षमता मात्र पहिल्या ओळीतील. ही परीक्षा वेळ घेते. सेकंदाला १० मेगाबाइट या वेगाने ६४ गिगाबाइट लिहावयास सुमारे पावणेदोन तास लागतात, आणि वाचनाचा वेळ वेगळा. परीक्षा कार्ड रिकामे असतानाच करावी. बनावट कार्डात आधीची माहिती असल्यास ती या लेखनाने पुसली जाऊ शकते.

उत्तराचा अर्थ लावताना एक भेद जाणला पाहिजे. विशिष्ट मर्यादेपर्यंत सर्व ठीक आणि त्यापुढे सर्व नष्ट, असे दिसल्यास क्षमता खोटी समजावी. दोष जर येथे-तेथे विखुरलेले असतील, तर ते कार्ड झिजलेले अथवा सदोष असावे. तसेच परीक्षेत पूर्ण उतरलेले कार्ड क्षमतेपुरतेच खरे ठरते; त्यावरील नाममुद्रा अस्सल आहे, किंवा चिप टिकाऊ आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

खुणांची पाहणी खरेदीपूर्वीच करता येते. एसडी जातीच्या कार्डांचे क्षमतेनुसार वर्ग ठरलेले आहेत : २ गिगाबाइटपर्यंत एसडी, त्यापुढे ३२ पर्यंत एसडीएचसी, आणि त्यापुढे २ टेराबाइटपर्यंत एसडीएक्ससी. म्हणून ६४ गिगाबाइटच्या कार्डावर ‘एचसी’ ही अक्षरे दिसली तर ते कार्ड स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देत आहे असे समजावे. परदेशी बनावटीच्या मालाच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे २०११ च्या नियमांनुसार भारतात आवश्यक आहे. मात्र छापील खुणांची नक्कल करणे सोपे असते. खूण चुकीची असल्यास कार्ड नाकारावे; खूण बरोबर असली तरी परीक्षा चुकवू नये.

विक्रेता निवडताना उत्पादकाने आपल्या संकेतस्थळावर दिलेली अधिकृत विक्रेत्यांची यादी पाहावी. इंटरनेटवरील बाजारात बाजाराचे नाव एक आणि माल विकणारा दुसराच असतो. यादीशी ताडावयाचे ते विकणाऱ्याचे नाव. पावतीवर कार्डाचे नाव व क्षमता लिहून घ्यावी, आणि माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच वरील परीक्षा उरकावी. कार्ड खोटे निघाल्यास वेष्टन, पावती व परीक्षेच्या उत्तराचे छायाचित्र जपून ठेवावे. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार नोंदविता येते.

हाती आलेल्या खोट्या कार्डातून गेलेले चित्रण मात्र परत मिळविता येत नाही. पुसलेली फाइल कधीकधी काढता येते, कारण ती एकदा लिहिली गेलेली असते. जी माहिती कार्डाने मुळात लिहिलीच नाही, ती कोठून काढणार? म्हणून परीक्षेची वेळ चित्रणापूर्वीची होय.