अचानक दवाखान्यात भरती झाल्यास विमा कंपनीला वेळेत कसे कळवावे?



महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार घ्यायचे असतील, तर योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र त्याच्याकडे दिले की पुढची कागदोपत्री कामे तिथूनच होतात. पण आपल्यापैकी अनेकांनी, तसेच काही संस्थांनी आपल्या कार्यकर्त्यांसाठी, पैसे भरून आरोग्य विमा पॉलिसी घेतलेली असते. तिथे आरोग्यमित्र नसतो. रुग्ण भरती झाला हे कंपनीला कळवण्याची जबाबदारी आपलीच असते. या अंकात तेवढ्याच एका कामाचा अभ्यास करू.

मुदत नेमकी किती?

१ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांकडे सारख्या अटींवर मिळणारी 'आरोग्य संजीवनी' ही पॉलिसी उदाहरण म्हणून घेऊ. ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर भरती होण्याच्या किमान ४८ तास आधी कळवावे, असे तिच्यात सांगितले आहे. अचानक भरती व्हावे लागले तर २४ तासांच्या आत किंवा डिस्चार्ज मिळण्याच्या आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कळवावे लागते. इतर पॉलिसींत ही मुदत थोडी वेगळी असू शकते, म्हणून आपली पॉलिसी आजच उघडून 'क्लेमची सूचना' या कलमाखाली तास पाहून ठेवा.

'जे लवकर येईल' हे शब्द पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. रुग्णाला १८ तासांतच घरी सोडले तर २४ तास पूर्ण होण्याची वाट पाहता येत नाही. डिस्चार्जच्या आधीच कळवायला हवे. तास मोजायचे ते भरती झाल्यापासून, आजाराचे निदान झाल्यापासून नव्हे. रविवार आणि सणाची सुट्टीही त्यात धरली जाते.

एक उदाहरण

असे समजा की संग्रामपूर तालुक्यातील एका कार्यकर्त्याला पावसाळ्यात शनिवारी रात्री साप चावला. रात्री दहा वाजता त्याला ग्रामीण रुग्णालयात भरती करून सर्पदंशाची लस सुरू केली. श्वासाचा त्रास वाढू लागला म्हणून १०८ च्या गाडीने त्याला अकोल्याला हलवले आणि पहाटे अडीच वाजता एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात घेतले.

आता मुदत कुठून मोजायची? पहिली भरती शनिवारी रात्री दहाची. म्हणून रविवारी रात्री दहाच्या आत कळवायचे, असे धरून चालावे. अकोल्याची वेळ धरून साडेचार तास वाढवून घेण्याचा मोह टाळावा. एकाच सूचनेत दोन्ही रुग्णालयांची नावे आणि दोन्ही वेळा लिहाव्यात. सूचना आधीच दिलेली असेल आणि नंतर रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवले, तर त्या नव्या भरतीचे पुन्हा कळवावे. बुलढाण्यातून खामगाव, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर असा रुग्णाचा प्रवास नेहमीच होतो, आणि दुसरे रुग्णालय कंपनीला माहीतच नाही, असे घडते ते अशाच वेळी.

कोणाला कळवायचे?

पॉलिसीच्या कार्डावर कंपनीचा किंवा टीपीएचा टोल-फ्री क्रमांक आणि ईमेल छापलेला असतो. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमचे काम पाहणारी संस्था. आधी फोन करावा आणि नोंद झाल्याचा सूचना क्रमांक मागून लिहून घ्यावा. मग तोच मजकूर ईमेलनेही पाठवावा. फोनवर काय बोललो हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते, पण ईमेलवर तारीख आणि वेळ आपोआप राहते.

एजंटला सांगितले म्हणजे कंपनीला कळवले, असे धरू नये. रुग्णालयाच्या कॅशलेस खिडकीवर फॉर्म भरून दिला असेल तरी तो टीपीएकडे गेला का, हे विचारून घ्यावे. कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम नाकारला असे होत नाही. बिल आपण भरून नंतर परतावा मागता येतो, पण त्यासाठीही वेळेत दिलेली सूचना लागते.

काय लिहायचे?

आपल्या उदाहरणातील रुग्णाच्या मुलाने रविवारी सकाळी पाठवायचा मजकूर असा असेल:

विषय: तातडीच्या भरतीची सूचना, पॉलिसी क्र. ______

१. पॉलिसी क्रमांक, सदस्य क्रमांक आणि पॉलिसीची मुदत (कधीपासून कधीपर्यंत)
२. पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांचे नाव. रुग्णाचे नाव, वय आणि त्यांच्याशी नाते
३. पहिली भरती: ग्रामीण रुग्णालय, शनिवार, तारीख, रात्री १०.००
४. दुसरी भरती: अकोल्यातील रुग्णालयाचे पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड, रविवार, तारीख, पहाटे २.३०
५. कारण: शेतात सर्पदंश, श्वासाचा त्रास, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव
६. अंदाजे खर्च (रुग्णालयाने सांगितला असल्यास)
७. कळवणाऱ्याचे नाव, रुग्णाशी नाते, मोबाइल क्रमांक
कृपया सूचना क्रमांक कळवावा.

निदान अजून पक्के नसेल तर डॉक्टरांनी जे सांगितले तेवढेच लिहावे, अंदाज लिहू नये. नावाबाबत मात्र विशेष काळजी घ्यावी. गावात एक नाव चालते, आधारवर दुसरे असते, आणि घाईत भरती करताना तोंडी सांगितलेलेच नाव केसपेपरवर चढते. ते पॉलिसीतील नावाशी जुळले नाही तर क्लेम तिथेच अडकतो. भरतीच्या खिडकीवर पॉलिसीप्रमाणे नाव लिहवून घ्या. चुकले असेल तर डिस्चार्जच्या आधीच दुरुस्त करून घ्या. सर्पदंश किंवा अपघातात रुग्णालयाने पोलिसांना कळवून एमएलसी नोंद केली असेल, तर तिची प्रतही मागून घ्यावी.

उशीर झालाच तर?

तरीही कळवा. उशिराचे खरे कारण लिहा आणि पुरावा जोडा: रुग्ण बेशुद्ध होता याची डॉक्टरांची नोंद, १०८ च्या गाडीचा कागद, रेफर केल्याची चिठ्ठी. सप्टेंबर २०११ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना परिपत्रक काढून बजावले आहे की, उशिराचे कारण खरे आणि टाळता न येण्याजोगे असेल, तर केवळ उशीर झाला म्हणून योग्य क्लेम फेटाळू नये. पण याचा अर्थ मुदत उरली नाही असा नाही. कारण पटवून देणे आपल्याकडेच राहते.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे फी लागत नाही.

सूचना दिली म्हणजे क्लेम दाखल झाला असे मात्र नाही. आरोग्य संजीवनीत परताव्यासाठी बिले, डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे कागद डिस्चार्जपासून ३० दिवसांत द्यावे लागतात.

सरावासाठी

१. सोमवारी दुपारी चारला भरती, मंगळवारी सकाळी नऊला डिस्चार्ज. कधीपर्यंत कळवावे? (मंगळवारी सकाळी नऊच्या आत.)
२. आपल्या पॉलिसीवर रुग्णाचे नाव आधारप्रमाणेच आहे का?
३. पॉलिसी क्रमांक, सदस्य क्रमांक आणि टोल-फ्री क्रमांक घरातील आणखी एका माणसाच्या मोबाइलमध्ये आहेत का? भरती झालेला माणूस स्वतः फोन करू शकत नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आजच त्यांना पाठवून ठेवा.