अकरा महिन्यांचा करार : घरमालकाला विचारायचे दोन प्रश्न

होस्टेलमध्ये आपण फॉर्म भरतो, रेक्टर सही करतात आणि रूम मिळते. शहरात खोली घेताना एवढ्यावर भागत नाही. मागच्या जूनमध्ये इंटर्नशिपसाठी आम्ही तिघे पुण्याला गेलो, तेव्हाची ही गोष्ट. भाडे १५,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००, मुदत ११ महिने.

किल्ली घेण्याआधी मी विचारलं, "काका, पोलीस व्हेरिफिकेशन आणि करार रजिस्टर करायचं कसं?"

काका म्हणाले, "अरे, अकरा महिन्यांचंच तर आहे. नोटरी करू, पोलिसात कागद देऊ, झालं!"

गडबड इथेच आहे. ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाची पावती दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते. कोण राहायला आलं, मूळ गाव कोणतं, काम कुठे करतो, ओळखीचे कोण, फोटो आणि ओळखपत्र. ती देण्याची जबाबदारी मालकावर असते. शहर पोलिसांच्या संकेतस्थळावरून किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात ती देता येते. तिघे राहणार असाल तर तिघांचीही माहिती गेली पाहिजे. आमच्यात एकाचंच नाव द्यायचं ठरत होतं, ते आम्ही बदलून घेतलं. मालकाकडून पोचपावतीची प्रत घ्या. ओळखपत्राच्या झेरॉक्सवर 'फक्त भाडेकरू माहितीसाठी' असं लिहून तारीख घाला, म्हणजे ती भलतीकडे वापरणं अवघड होतं. मात्र या पावतीत भाडं, डिपॉझिट, मुदत यांतलं काहीही सिद्ध होत नाही.

ते काम कराराचं. देशभर लागू असलेल्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या साध्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. अकरा महिन्यांची रीत त्यातून आली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी, आणि कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटरीचा गोल शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदलेल्या दस्तावर दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव आणि दस्त क्रमांक असतो, आणि सोबत 'सूची क्रमांक २' मिळते. हे नसेल तर नोंदणी झालेली नाही असं समजा.

काकांची खरी भीती वेगळी होती. "रजिस्टर केलं की भाडेकरू कायमचा बसतो." खरं तर उलट आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर राहणारा हलला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत मिळवू शकतो, आणि तोपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. त्यासाठी त्याच्या हातात पक्का लेखी करार हवा. हे सांगितल्यावर काका जरा सैल झाले.

मग खर्चाचा प्रश्न. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागतं. आमचं भाडं १५,००० गुणिले ११ म्हणजे १,६५,०००. व्याज पूर्ण वर्षाचं धरलं तरी ५,०००. बेरीज १,७०,०००, त्याचे ०.२५ टक्के ४२५ रुपये. पुढच्या शंभरात नेले तरी ५००. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटाची फी वेगळी, ती आधीच ठरवून घ्यावी. सगळा खर्च कोण करणार हेही तोंडी न ठेवता मसुद्यात लिहून घ्यावं. आम्ही निम्मा-निम्मा केला.

एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सेवेत मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांची आधारवरून ओळख पटते आणि फोटो निघतो. काकांचा अंगठा तीनदा उमटला नाही. हात धुऊन, पुसून चौथ्यांदा उमटला. नसताच उमटला तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करावी लागली असती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंगठा लावण्याआधी मसुदा वाचा. आमच्या मसुद्यात डिपॉझिट ३०,००० लिहिलं होतं. वरचे २०,००० आम्ही रोख दिले होते, आणि ते कागदावर कुठेच नव्हते. काकांच्या मनात खोट नव्हती, एजंटाने बँकेतून गेलेला आकडाच टाकला होता. पण अकरा महिन्यांनी, "बाकीचे कधी दिले?" असा प्रश्न आला असता तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिथेच थांबवून आकडा ५०,००० करून घेतला आणि रोख रकमेची पावतीही घेतली.

या एप्रिलमध्ये आम्ही खोली सोडली. काकांनी करार काढला, आकडा पाहिला, लाइट बिल वजा केलं आणि उरलेले पैसे त्याच दिवशी दिले. वाद घालायला जागाच नव्हती.