कार्ड बंद केलं, तरी पैसे कापले जातात!

प्रश्न : एका ॲपची वर्गणी थांबावी म्हणून डेबिट कार्ड बंद केलं. वर्गणी थांबली, पण मोबाइलच्या विम्याचे पैसे खात्यातून जातातच. असं का?
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : तुमच्या दोन कपाती दोन वेगळ्या वाटांनी होत होत्या. वर्गणीची स्थायी सूचना कार्डावर होती. कार्ड गेलं, तीही थांबली. खरं तर कार्ड बंद करायची गरजच नव्हती. अशा कपातीआधी किमान 24 तास बँकेचा संदेश येतो, त्यात नकार देण्याची सोय असते. बँकेच्या ॲपमधून ही सूचना कायमची रद्दही करता येते.

विम्याचा ई-मँडेट मात्र थेट खात्यावर, ‘नाच’ या यंत्रणेतून नोंदलेला दिसतो. नोंदणीवेळी ओळख पटवायला डेबिट कार्ड वापरलं असेल, तरी पैसे खात्यातूनच जातात. पासबुकातल्या नोंदीत बहुधा NACH किंवा ACH लिहिलेलं असतं. मँडेटचा UMRN क्रमांक शोधा आणि नेटबँकिंगमधून किंवा शाखेत लेखी अर्ज देऊन तो रद्द करा, पोच घ्या. कपातीच्या तारखेच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका, काही दिवस हाताशी ठेवा. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर ती नवा मँडेट मागेल.

नोंदीत UPI दिसलं, तर ज्या ॲपमधून मंजुरी दिली, तिथल्या ऑटोपेमध्ये जाऊन रद्द करा. कर्जाच्या हप्त्याला मात्र हा उपाय लावू नका. मँडेट थांबतो, देणं थांबत नाही.