परदेशातून सरकारी पोर्टल उघडत नाही, तेव्हा

चिपळूणचे एक व्यापारी बांधव मुलाकडे दुबईला गेले होते. जीएसटीचे विवरणपत्र भरायचे, तर पोर्टल उघडेना. पडद्यावर ‘Access Denied’. ते पासवर्ड बदलण्याच्या खटपटीला लागले. आम्ही घरी विचारायला सांगितले. चिपळूणला तेच पान लगेच उघडले. म्हणजे पासवर्ड विचारण्यापूर्वीच दार बंद होते.

इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी म्हणतात. त्यावरून देश ताडून काही सरकारी खाती व बँका परदेशी पत्ते सरसकट अडवतात, कारण बाहेरून होणारे हल्ले त्याने कमी होतात. दारात कोण आहे, हे पाहिले जात नाही.

त्यांनी वाय-फाय बंद करून भारतीय सिमवर रोमिंग घेतले. रोमिंगचा डेटा बहुधा भारतातील कंपनीमार्फतच जातो, म्हणून पत्ता भारतीय दिसला आणि काम झाले. मात्र दर आधी विचारावा.

वरचेवर परदेशी राहणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच दुकानातील विश्वासू माणसास जीएसटीसाठी अधिकृत सहीदार नेमावे. बँकेचे काम अडल्यास तिच्या अनिवासी खाते विभागाला लिहावे. भाड्याच्या व्हीपीएनचा पत्ता अनेकजण वापरतात. बँकेला संशय आला तर खातेच गोठू शकते.